उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी अर्ज

(हिंदीत दाखल होणाऱ्या अर्जाची मराठी प्रत, वारसांनी वाचून सहमती देण्यासाठी)

मा. जिल्हा न्यायाधीश, इंदूर यांच्या न्यायालयात
भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ३७२ अन्वये

अर्जदार: श्रीमती सुनंदा दिनकर देशपांडे, वय ५८, रा. रामबाग, इंदूर
प्रतिपक्ष: खालील इतर वारस व सर्वसाधारण जनता

१. माझे पती दिनकर विष्णुपंत देशपांडे ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी ६:४० वाजता राहत्या घरी वारले. त्यांचे कायमचे वास्तव्य रामबागेतच असल्याने या न्यायालयास अधिकार आहे. त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. घरातील कागद व लॉकर पाहूनच हे लिहिले आहे.

२. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे प्रथम वर्गाचे वारस चार, सर्व सज्ञान:
श्रीमती कमल विष्णुपंत देशपांडे, आई, वय ८३, रामबाग, इंदूर
अर्जदार, पत्नी
अमोल, मुलगा, वय ३३, पुणे
सौ. मेधा जोशी, विवाहित मुलगी, वय ३०, उज्जैन
प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश. आई हयात असल्याने त्यांचा हिस्सा मुलांइतकाच आहे, आणि मेधाचा हक्क लग्नाने कमी होत नाही.

३. भारतीय स्टेट बँक, इंदूर येथील येणे, मृत्यूच्या दिवशी:
बचत खाते (शेवटचे अंक ४४७१): रु. ३,८६,४१२
मुदत ठेव (०८१६): रु. ५,००,०००
मुदत ठेव (०८२९): रु. ४,००,०००
एकूण रु. १२,८६,४१२, अधिक ठेवींवरील व्याज.
बचत खात्याचे नामनिर्देशन वडिलांच्या नावे होते. ते २०१९ मध्ये वारले, नवे नाव दिले गेले नाही. ठेवींवर नामनिर्देशनच नाही.

४. बँकेच्या कागदांवर नाव ‘दिनकर व्ही. देशपांडे’, मृत्यू दाखल्यावर ‘दिनकर विष्णुपंत देशपांडे’ असे आहे. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे शपथपत्र जोडले आहे. प्रमाणपत्रात दोन्ही नावे असावीत. एकच आले तर बँक दुरुस्तीसाठी परत पाठवील आणि न्यायालयात पुन्हा यावे लागेल.

५. घर व लॉकरमधील दागिने या अर्जात नाहीत, कारण हे प्रमाणपत्र फक्त येणे रकमा व रोख्यांसाठी असते. कलम ३७० किंवा अन्य तरतुदीचा अडथळा नाही. याच मालमत्तेसाठी दुसरा अर्ज कुठेही दाखल नाही.

६. इतर तिन्ही वारसांची संमती शपथपत्रे सोबत आहेत. संमती फक्त रक्कम माझ्या हाती येण्यापुरती आहे. कोणीही हिस्सा सोडलेला नाही. सध्याच्या रकमेवर प्रत्येकाचे रु. ३,२१,६०३ होतात, व्याजही त्याच प्रमाणात वाटले जाईल.

विनंती: जाहीर नोटीस काढून, हरकत न आल्यास, वरील रक्कम व प्रत्यक्ष मिळेपर्यंतचे व्याज वसूल करण्याच्या अधिकारासह प्रमाणपत्र द्यावे. न्यायालय शुल्क भरण्यास व मागितल्यास जामीन देण्यास मी तयार आहे.

सोबत: मृत्यू दाखला, पासबुक व ठेव पावत्यांच्या प्रती, बँकेचे शिल्लक पत्र, वारसांचे ओळखपत्र, वडिलांचा मृत्यू दाखला.

सत्यापन: परिच्छेद १ ते ६ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, काही लपवलेले नाही.

इंदूर, ७ जुलै २०२५
सुनंदा दिनकर देशपांडे, अर्जदार