जाधवांच्या हिशोबाच्या पत्राचा दुरुस्त मसुदा

स्नेहल,

जाधवांच्या फुल अँड फायनलचं पत्र पाहिलं. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, त्याबद्दल शाबासकी. पत्राला मात्र बराच हात लावलाय. तुझं मुख्य वाक्य असं होतं: "आपली अंतिम देय रक्कम रु. १,३२,२४८ असून ती नियमानुसार योग्य त्या वजावटी करून यथावकाश अदा करण्यात येईल."

हा आकडा तू वजावटी करूनच काढला आहेस. पण हे वाक्य वाचणाऱ्याला वाटणार, यातून अजून काही कापणार आहेत. जाधव अकाउंट्सचे माणूस आहेत, ते पहिला फोन याच्यासाठीच करतील. शिवाय ग्रॅच्युइटी वेगळ्या दिवशी जाते, म्हणजे एवढी रक्कम एका दिवशी त्यांच्या खात्यात दिसणारच नाही. आणि "यथावकाश" मी आमच्या पत्रांतून कायमचा काढलाय. माझ्या एका जुन्या नोकरीतले पैसे असेच "यथावकाश" येणार होते. होळीला सोडलेल्या नोकरीचा हिशोब गणपतीत मिळाला.

नोटीसचे ९,१०० तू "इतर वजावटी"त टाकले होतेस. जी कपात माणसाला सगळ्यात जास्त खुपणार, ती "इतर"मध्ये दडवायची नाही. दिवस मोजून समोर ठेवायचे. बोनस आणि पीएफवर तुझ्या मसुद्यात एक अक्षर नव्हतं. मिळणार नसेल तर का नाही, तेही लिहायचं, नाहीतर माणूस वाट बघत बसतो.

खालचं पत्र लेटरहेडवर घे आणि आजच पाठव. एक प्रत त्यांच्या वैयक्तिक ईमेलवर जाऊ दे, ऑफिसचा मेल शुक्रवारीच बंद झालाय.

---

नाशिक, २३ जून २०२५

प्रति,
श्री. जाधव
वरिष्ठ लेखा सहायक, कर्मचारी क्रमांक ०१४७

विषय: राजीनाम्यानंतरचा अंतिम हिशोब

महोदय,

आपला २८ मे २०२५ रोजीचा राजीनामा मंजूर झाला असून २० जून २०२५ हा आपला कामाचा शेवटचा दिवस होता. आपल्याला दोन रकमा मिळतील: सोमवार, ३० जून २०२५ रोजी रु. ३७,७४८ आणि गुरुवार, १० जुलै २०२५ रोजी ग्रॅच्युइटीचे रु. ९४,५००. दोन्ही रकमा ४४७१ या अंकांनी संपणाऱ्या आपल्या पगार खात्यात एनईएफटीने जमा होतील. सर्व वजावटी आधीच धरलेल्या आहेत. या रकमांमधून आणखी काही कापले जाणार नाही.

३० जूनच्या रकमेचा तपशील

जूनचा पगार, १ ते २० जून: मूळ पगार १५,६००, घरभाडे भत्ता ६,२४० आणि विशेष भत्ता ४,१६०, एकूण रु. २६,०००. आपला मासिक पगार ३९,००० असून महिन्याचे ३० दिवस धरले आहेत. म्हणजे एका दिवसाचे १,३०० रुपये. पुढे जिथे जिथे दिवसाचा दर आहे तिथे हाच वापरला आहे.

शिल्लक रजेचे पैसे: रु. २४,७००. ३१ मे रोजी आपल्या खाती २१ अर्जित रजा होत्या. ११ व १२ जूनला आपण दोन घेतल्या, उरल्या १९. शिल्लक तीन किरकोळ रजांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून त्या धरलेल्या नाहीत.

प्रवासखर्च: रु. ३,२२०. आपण ३,४६० रुपयांची बिले दिली होती. त्यातील २४० रुपयांच्या पेट्रोल पावतीवर तारीख नाही, म्हणून तेवढी बाजूला ठेवली आहे. पंपावरून तारखेची पावती मिळाल्यास आणून द्यावी, पैसे देऊ.

येणे एकूण: रु. ५३,९२०.

वजावटी अशा:

भविष्य निर्वाह निधी, १५,६०० या मूळ पगाराच्या १२ टक्के: रु. १,८७२.

व्यवसाय कर, जून महिन्याचा: रु. २००.

नोटीस कालावधीतील कमी दिवस: रु. ९,१००. नेमणूक पत्रानुसार नोटीस ३० दिवसांची आहे. २९ मेपासून मोजता ती २७ जूनला पूर्ण होते. आपण १० जूनच्या ईमेलने २० जूनला मोकळे करण्याची विनंती केली व ती मान्य झाली. २१ ते २७ जून या ७ दिवसांचा पगार, दिवसाला १,३०० प्रमाणे, वळता केला आहे.

पगारी उचल: रु. ५,०००. मार्च २०२५ मध्ये घेतलेल्या १५,००० पैकी एप्रिल व मे महिन्यांत पाच-पाच हजार फिटले, हा शेवटचा हप्ता.

आयकर: काही नाही.

वजावटी एकूण: रु. १६,१७२. येणे ५३,९२० वजा १६,१७२ म्हणजे हाती रु. ३७,७४८.

१० जुलैची रक्कम: ग्रॅच्युइटी

आपली नोकरी १ ऑक्टोबर २०१८ ते २० जून २०२५, म्हणजे ६ वर्षे ८ महिने २० दिवस झाली. सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेला शेवटचा भाग पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे ७ वर्षे. शेवटचा मूळ पगार २३,४००. आपल्याला महागाई भत्ता वेगळा नव्हता. २३,४०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७, उत्तर रु. ९४,५००. या रकमेवर आयकर लागत नाही. आपला अर्ज २० जूनला मिळाला आहे. रक्कम विमा कंपनीकडील ग्रॅच्युइटी निधीतून येत असल्याने तारीख वेगळी आहे. कायद्याची ३० दिवसांची मुदत २० जुलैला संपते, त्याआधी ती आपल्याला मिळेल.

या हिशोबात नसलेल्या गोष्टी

बोनस: बोनस कायदा दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू होतो. आपला मूळ पगारच त्याहून जास्त असल्याने बोनस देय नाही.

भविष्य निर्वाह निधीची साठलेली रक्कम आपल्या यूएएन खात्यातच आहे, ती कंपनी देत नाही. जूनची वर्गणी आम्ही १५ जुलैपर्यंत भरू आणि त्यानंतर नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर नोंदवू. ती दिसू लागल्यावर नव्या कंपनीच्या खात्यात रक्कम वळवण्याचा अर्ज आपण ऑनलाइन करू शकता.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचा फॉर्म १६ आपल्याला १५ जून २०२६ पर्यंत ईमेलवर मिळेल. कार्यमुक्ती पत्र व अनुभव प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. लॅपटॉप, ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली जमा झाल्याची नोंद आमच्याकडे आहे.

एखादा आकडा पटत नसेल तर गुरुवार, २६ जून, सायंकाळी ५ पर्यंत ईमेलने कळवावे, म्हणजे ३० तारखेच्या भरण्याआधी दुरुस्ती करता येईल. त्यानंतर कळवल्यासही हिशोब तपासू आणि फरक निघाल्यास तो वेगळा देऊ. सोबतच्या प्रतीवर सही करून परत पाठवावी. ती सही केवळ पत्र मिळाल्याची पोच आहे, तीमुळे आपला कोणताही हक्क सुटत नाही.

आपला,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग