थट्टा पेजवर टाकण्याआधी: आपल्या पाच जणांसाठी झटपट तपासणी

आपल्या नाटकाच्या गटाच्या पेजवर आपण पाच जण लिहितो. मागच्या प्रयोगाच्या फोटोखाली ‘तिसऱ्या अंकातल्या टाळ्या प्रॉम्प्टरच्या’ ही कमेंट टाकणारी मीच. प्रयोग संपल्यावर मेकअपरूममध्ये हेच वाक्य मी राजा झालेल्या नटाच्या तोंडावर बोलले होते आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता. पेजवर ते त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी वाचलं. नव्या नोकरीचा दुसरा आठवडा, पहिलं सादरीकरण, आणि साहेब म्हणाले, “प्रॉम्प्टर सोबत आणलाय ना?” मस्करीची कुस्करी झाली ती अशी. तो मला काही बोलला नाही. पुढच्या तालमीला मात्र आला नाही.

म्हणून ही यादी. पाठ झाली की वीस सेकंदांत उरकते.

वाचणार कोण?

☐ गटाबाहेरचा एक तरी माणूस डोळ्यांसमोर आणा. खराखुरा, चेहऱ्यासकट: त्याचा साहेब, तिची सासू, शाळेत जाणारी मुलगी. त्याच्या शेजारी उभं राहून हे वाक्य मोठ्याने म्हणाल का?

☐ मागचापुढचा संदर्भ माहीत नसलेल्याला यातली गंमत कळेल का? ‘राजेसाहेब पुन्हा ध्यानस्थ’ हे आपल्यासाठी राजा संवाद विसरला तेव्हाच्या अकरा सेकंदांच्या शांततेबद्दल आहे. बाहेरच्याला वाटेल, हा माणूस नेहमीच झोपा काढतो.

☐ फोटो आणि वरचा मजकूर काढून टाकला आणि नुसत्या कमेंटचा स्क्रीनशॉट फिरला, तर ती कशी वाचली जाईल?

‘आपलं कोण वाचतंय’ हे मनातून काढून टाका. 2010 साली इंग्लंडमध्ये एका तरुणाने बर्फामुळे विमानतळ बंद झाल्यावर वैतागून ट्विटरवर लिहिलं की विमानतळ सुरू करा, नाहीतर उडवून देईन. वाचणारे त्याचेच ओळखीपाळखीचे, हसून पुढे गेले. काही दिवसांनी विमानतळाच्याच एका व्यवस्थापकाला ते सर्च करताना सापडलं. त्या तरुणाला शिक्षा झाली, नोकरी गेली. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली तोवर 2012 चा जुलै उजाडला होता. आपण विमानतळं उडवत नाही, पण आपल्या कमेंटही सर्चमध्ये सापडतातच.

चिमटा कोणाला?

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. निम्म्या गोष्टी इथेच अडकायला हव्यात.

☐ माणूस तुमच्यापेक्षा नवा आहे का, वयाने लहान आहे का, किंवा भूमिका मिळण्यासाठी तुमच्यावर अवलंबून आहे का? यातलं एकही ‘हो’ असेल तर लिहू नका. दिग्दर्शकाने नवोदिताची खेचली की नवोदित हसतोच. न हसून जाईल कुठे? त्या हसण्याला होकार समजू नका.

☐ थट्टा त्याने केलेल्या गोष्टीवर आहे की तो जसा आहे त्यावर? उलटा घातलेला अंगरखा चालेल. वजन, रंग, टक्कल, बोलण्याची ढब, जात, घरची परिस्थिती, आजारपण, लग्न न होणं यातलं काहीही नको. त्याने स्वतः त्यावर विनोद केला असला तरी नको. स्वतःची थट्टा करायचा हक्क तो आपल्याला देत नसतो.

☐ चूक त्याला अजून सलतेय का? प्रवेश चुकला, सगळे हसले, तोही हसला, विषय संपला, तर ठीक. त्याच रात्री घरी जाऊन त्याने संहिता पुन्हा पाठ केली असेल, तर हात आवरा.

☐ या महिन्यात याच माणसाची किती वेळा खेचली? मागच्या दहा पोस्ट बघा. तिसरी कोपरखळी कोपरखळी राहत नाही, ढोसणं होतं. आपल्याकडे प्रकाशयोजनावाल्या दादांची पाळी सारखी येते. ते रागावत नाहीत, म्हणून.

☐ त्याला उलटा टोला मारता येईल का? पेजवर त्याचं खातंच नसेल, तर ही थट्टा नव्हे, पाठीमागची कुचाळकी झाली.

हवा कशी आहे?

आधी तुमची. प्रयोग पडलाय, पैशांवरून वाजलंय, रात्रीचा एक वाजलाय: फोन ठेवा. ज्याच्याबद्दल लिहिताय त्याच्यावर आज जरा जरी राग असेल, तर ते वाक्य टोमणाच आहे, तुम्ही त्याला काहीही म्हणा. ओळख सोपी आहे. लिहून झाल्यावर हसू आलं की ‘बरी जिरली’ वाटलं?

मग त्याची. घरी कोणी आजारी, परीक्षा, नोकरीची धाकधूक यांतलं काही कानावर आहे का? माहीत नसेल तर त्याच्या जवळच्याला विचारा.

आणि पेजची. वरच्या तीन कमेंट कोणी आधीच चिडून लिहिल्या असतील तर तुमची साधी गंमतही त्याच रांगेत बसते.

सूर हा घोळाचा मुद्दा आहे. लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज वाजत असतो, वाचणाऱ्याला नुसती अक्षरं दिसतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थ्यांनी एकमेकांना काही गंभीर आणि काही उपरोधिक वाक्यं ईमेलने पाठवली. समोरच्याला शंभरातली 78 बरोबर ओळखता येतील, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. ओळखली गेली 56, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडीच बरी. हसरा चेहरा लावला की काम झालं, असं समजू नका. 19 सप्टेंबर 1982 रोजी एका अमेरिकन विद्यापीठातल्या प्राध्यापकाने `:-)` सुचवला तो विनोद विनोद म्हणून ओळखू यावेत यासाठीच. आता तो टोमण्यांच्या शेपटालाही लावतात, त्यामुळे त्याची साक्ष कोणी धरत नाही. माझी पद्धत अशी: वाक्य सपाट, रागीट आवाजात एकदा वाचायचं. तसंही चालत असेल तरच टाकायचं.

निकाल

सगळं निर्धोक: टाका.

एखाद्या ठिकाणी अडखळलात: ज्याच्यावर आहे त्याला आधी खाजगीत पाठवा. ‘टाकू का?’ एवढंच विचारा. ‘टाक की’ लगेच आलं तर टाका. ‘हं’, ‘तुला हवं तर’, किंवा निळ्या खुणा होऊन शांतता, हे नकार आहेत. नवोदिताला मात्र हेही विचारू नका, तो ‘नाही’ म्हणणार नाही.

दोन ठिकाणी अडखळलात, किंवा ‘चिमटा कोणाला’ मधल्या पहिल्या दोनपैकी एकात सापडलात: वाक्य मेकअपरूमसाठी ठेवा. तिथे ते जास्त चांगलं लागतं.

टाकून झालं आणि बोचलं असं कळलं: आधी काढा, मग त्याला फोन करा. पेजवर ‘गंमत होती हो’ लिहू नका, त्याने न हसणाऱ्यालाच दोषी ठरवल्यासारखं होतं. मी तेच लिहिलं होतं.

रांगेत सध्या दोन मसुदे आहेत. ‘दाढी चिकटवायला अर्धा तास, पडायला अर्धा संवाद’: प्रधानजींना विचारलं, त्यांनी वर स्वतःचा दाढी लोंबतानाचा फोटो पाठवला. आज टाकते. ‘दासी क्रमांक दोनचं पदार्पण आणि तिसऱ्या पायरीवरून आगमन’: ती सतरा वर्षांची आहे आणि पायरीवरून खरंच पडली होती. हा मसुदा मी पुसलाय.