विषय : स्वतःच्या विहिरीचं पाणी गावाच्या फळ्यावर मांडणारे शेतकरी; 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला याल का?

नमस्कार प्राची मॅडम,

माण तालुक्यात दहिवडीच्या पुढे आमची थोरलीवाडी आहे. इथल्या 31 विहिरींचं पाणी दर महिन्याच्या 1 तारखेला मोजलं जातं आणि मालकाच्या नावासकट ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर लिहिलं जातं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या फळ्यावरचे आकडे समोर ठेवून रब्बीला कुणी किती कांदा लावायचा ते ठरतं. या ग्रामसभेवर तुम्ही लिहावं, अशी माझी विनंती आहे.

उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्यांवर तुम्ही लिहिलं होतं, ते आमच्याकडे बऱ्याच जणांनी वाचलं. टँकर कुणाच्या दारात थांबतो आणि कुणाच्या नाही, हे तुम्ही नेमकं पकडलं होतंत. आमची गोष्ट त्याच प्रश्नाची आहे, फक्त जमिनीखालच्या पाण्याची.

पाणी अडवल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यातून भरपूर आल्या. आमच्याकडेही श्रमदान झालं, समतल चर खोदले, बांधबंदिस्ती झाली, ओढ्यातला गाळ काढला. पाऊस पडला, चर भरले, फोटो छापून आले. पुढचं कुणी लिहिलं नाही. अडवलेलं पाणी मुरल्यावर ज्याची विहीर ओढ्याकाठी आणि मोटर मोठी, तो आधी उपसतो. वरच्या अंगाच्या विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवतात. ज्यांना विहीरच नाही त्या घरांनी चरावर इतरांइतकीच माती उपसलेली असते, आणि मार्चमध्ये हंडे घेऊन फिरायची पाळी सगळ्यात आधी त्यांच्यावर येते. मोजणी याच कारणाने सुरू झाली.

मोजायचं काम आम्हा बचत गटातल्या बायकांकडे आहे. दोघी-दोघींच्या जोड्या आहेत. टेपला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि वहीत लिहायचं. यातली खरी अडचण विजेची. मोटर चालू झाली की पातळी खाली जाते आणि आकडा खोटा येतो. त्यामुळे थ्री-फेज लाईट यायच्या आत मोजून झालं पाहिजे. रात्रपाळीची लाईट असेल त्या आठवड्यात मोटरी बंद होऊन पाणी पुन्हा वर येईपर्यंत काठावर थांबावं लागतं. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने एक खूण केली आहे. टेप दर वेळी तिथूनच सोडायचा, नाहीतर मागच्या महिन्याशी तुलना करता येत नाही. म्हातारी माणसं अजून किती परस पाणी आहे असंच विचारतात, त्यांना आम्ही परसातच सांगतो. फळ्यावर मात्र फुटात लिहितो.

पावसाचा हिशेब शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकावरून होतो आणि तो सातवी-आठवीची मुलं करतात. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. 400 मिलिमीटर पडला तर हेक्टरी 40 लाख लिटर. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण त्यातलं बरंचसं वाहून जातं, उन्हाने उडतं, पिकं पितात, आणि विहिरीला लागतो तो थोडा हिस्सा. म्हणून नुसत्या पावसाच्या आकड्यावर भागत नाही, विहिरी मोजाव्याच लागतात. ग्रामसभेत आधी माणसांचं पाणी बाजूला काढतात (जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज 55 लिटर), मग जनावरांचं, मग शाळू आणि हरभऱ्याच्या एखाद्या-दुसऱ्या पाण्याचं. उरेल त्यावर कांदा. परतीचा पाऊस बाकी असेल तर दिवाळीनंतर आकडे एकदा दुरुस्त होतात.

पाण्याचा ताळेबंद ही आमची शोधलेली गोष्ट नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ती वाट कित्येक वर्षांपूर्वी घालून दिली. पण आमच्याकडे पोपटराव पवारांसारखं एकमुखी नेतृत्व नाही, गावात दोन गट आहेत, आणि ग्रामसभेचा हा ठराव कुणावर कायद्याने बंधनकारक नाही. सगळं शब्दावर चाललंय. तरीही 31 जण आपापल्या विहिरीचं झाकलेलं पाणी उघडं करतात. विहिरीवर सोसायटीचं कर्ज असतं, सोयरिकीच्या बोलण्यात विहीर असते, भावकीच्या भांडणात तर असतेच. अशा विहिरीचा आकडा चारचौघांत लिहू देणं सोपं नाही. माझ्या मते बातमी इथे आहे.

आता जे धड चाललेलं नाही, तेही सांगते. 9 विहिरींचे मालक मोजू देत नाहीत. त्यातल्या एकांचं म्हणणं मला स्वतःला विचारात पाडतं. त्यांनी जमीन गहाण ठेवून विहीर पाडली, त्या वेळी गाव मदतीला आलं नाही, मग आता पाण्याचा हिशेब गावाने का मागावा, असा त्यांचा सवाल आहे. ते तुमच्याशी मोकळेपणाने बोलायला तयार आहेत आणि त्यांची बाजू बातमीत यावी असं मलाही वाटतं. गेल्या वर्षी ठरल्यापेक्षा जास्त कांदा लावणारेही निघाले. दंड नाही, वाळीत टाकणं नाही. फेब्रुवारीत त्यांच्या विहिरीचा आकडा फळ्यावर सगळ्यांनी वाचला, एवढंच झालं. एवढ्याने पुरेल का, यावर यंदाच्या ग्रामसभेत जोरात वाद होणार. मोजणीमुळे पाण्याची पातळी वाढली, असा आमचा दावा नाही. ते कळायला अजून बरेच पावसाळे बघावे लागतील.

जमलं तर 1 तारखेलाच या. पहाटे मोजणीला आमच्याबरोबर फिरता येईल, दुपारी फळा लिहिला जातो, आणि 2 तारखेला सकाळी दहाला ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर बसते. विहीर नसलेल्या घरातल्या बायका, शाळेतली मुलं, ओढ्याकाठचे बागायतदार, सरपंच या सगळ्यांशी भेट घालून देते. सुरुवातीपासूनच्या वह्या दाखवते, हव्या त्या पानांचे फोटो घ्या. साताऱ्याहून दहिवडीपर्यंत एसटी आहे, तिथून मोटरसायकलवर आणायला कुणीतरी येईल. मुक्कामाची सोय आमच्या घरी होईल.

दोन विनंत्या. फळा गावापुरता आहे, त्यामुळे विहीरमालकाचं नाव आणि आकडा एकत्र छापायचा असेल तर त्याला आधी विचारावं. आणि मथळ्यात आम्हाला आदर्श गाव म्हणू नये. तसं छापून आलं तर मोजू न देणारे आणखी दुरावतील आणि ज्यांनी मोजू दिलं त्यांच्यावर नसतं ओझं येईल.

हा विषय अजून दुसऱ्या कुणाला कळवलेला नाही. 25 सप्टेंबरपर्यंत तुमच्या उत्तराची वाट पाहते. तुम्हाला जमणार नसेल तरी एका ओळीत कळवा, म्हणजे ग्रामसभेआधी दुसरीकडे विचारता येईल. सोबत सप्टेंबरच्या फळ्याचा फोटो जोडला आहे, त्यातली नावं झाकली आहेत.

आपली,
वैशाली जाधव
सचिव, महिला बचत गट
थोरलीवाडी, ता. माण, जि. सातारा