पगारातून ३६,००० रुपये उचल मिळण्याबाबत अर्ज

दि. १२ मे २०२५

प्रति,
मा. मालक,
टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

मालक, सादर नमस्कार.

मी आपल्याकडे पॅकिंग-डिस्पॅच खात्यात ९ वर्षांपासून कामाला आहे. भवानी पेठेतलं आमचं घर वडिलांच्या वेळचं, माळवदाचं आहे. गेल्या पावसाळ्यात मधल्या खोलीच्या दोन कड्या खचल्या. तेव्हा खाली टेकू देऊन भागवलं, पण मिस्त्री म्हणतो की अजून एक पावसाळा हे माळवद धरणार नाही. आई त्याच खोलीत झोपते. म्हणून मृग लागायच्या आत माती उतरवून वर पत्रे घालायचे ठरवले आहे.

एकूण खर्च ५२,००० रुपये आहे. पत्रे, लोखंडी पाइप आणि स्क्रू मिळून ३४,०००, वेल्डर व मजुरी ११,००० आणि माती उतरवून टाकून येण्याचे ७,०००. पत्र्याच्या दुकानाचं कोटेशन सोबत जोडलं आहे. बायकोच्या विड्यांच्या मजुरीतून टाकलेली भिशी आणि घरातली शिल्लक मिळून १६,००० जमले आहेत. बाकीचे ३६,००० उचल म्हणून मिळावेत, ही विनंती. बाहेर शेकडा पाचने पैसे मिळतात, पण त्या वाटेला जायची इच्छा नाही.

फेड अशी करीन. मे महिन्याचा पगार पूर्ण मिळावा. कपात जूनच्या पगारापासून, म्हणजे ७ जुलैला सुरू करावी.

जून ते सप्टेंबर : दरमहा ३,००० प्रमाणे १२,०००
ऑक्टोबर : पगारातून ३,००० आणि दिवाळी बोनसमधून ९,००० मिळून १२,०००
नोव्हेंबर ते फेब्रुवारी : दरमहा ३,००० प्रमाणे १२,०००

फेब्रुवारीच्या पगारात खातं निल होईल. माझा हातात येणारा पगार १९,५०० आहे. हप्ता जाऊन १६,५०० राहतात, त्यात घर चालतं. ओव्हरटाइम यात धरलेला नाही, माल कमी असला की तो बंदच असतो. बोनस ९,००० पेक्षा कमी बसला, तर राहिलेली रक्कम मार्चच्या पगारातून कापावी. मध्येच काम सुटलं, तर उरलेली बाकी माझ्या हिशेबातून वळती करून घ्यावी, माझी हरकत राहणार नाही. तसं लिहून सही करून देतो.

२०२१ मध्ये घेतलेली १०,००० ची उचल मी पाच महिन्यांत फेडली होती, रजिस्टरला नोंद आहे.

एकदम ३६,००० देणं अडचणीचं असेल, तर आत्ता पत्र्यापुरते २४,००० द्यावेत, बाकीचे जूनमध्ये दिले तरी चालतील. वेल्डर ओळखीचा आहे, तो थांबेल. पाऊस थांबणार नाही, म्हणून २० तारखेपर्यंत काय ते कळवावं.

आपला विश्वासू,
सिद्राम बसप्पा कोळी
पॅकिंग-डिस्पॅच खाते

सोबत : पत्र्याच्या दुकानाचं कोटेशन