फोटो कलरच आहे

ब्लॅक अँड व्हाइट नाहीये. फिल्टरपण लावलेला नाही. रत्नागिरी, मांडवीची जेटी, जुलै, दुपारचे साडेचार, आणि आभाळाकडे एवढा एकच रंग शिल्लक होता त्यात त्याने सगळं उरकलं.

आता कोणी विचारायच्या आधीच सांगते, वरचा अर्धा भाग आभाळ आहे आणि खालचा अर्धा समुद्र. एक नक्की कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते मला तिथे उभं राहूनही कळलं नाही, त्यामुळे झूम करून तुम्हाला कळेल या भ्रमात राहू नका. उजवीकडे जो डाग दिसतोय तो लेन्सवरचा नाही, तो रत्नदुर्ग आहे. किल्ला, दीपगृह, भगवतीचं देऊळ असा सगळा संसार त्या डागात आहे. डावीकडे भाट्ये. म्हणजे काल तरी होतं. मधे रेनकोटातले काका आहेत ते माझे कोणी नाहीत, पण अख्ख्या फ्रेममध्ये उभं असं तेवढंच होतं म्हणून त्यांना ठेवलंय.

बाहेरगावच्यांसाठी थोडी माहिती. आमच्याकडे किल्ल्याच्या एका बाजूला काळा समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र. चेष्टा नाही, वाळूवरून नावं पडलीयत, मांडवीची वाळू काळी आणि पलीकडची पांढरी, रिक्षावाल्याला नुसतं पांढरा समुद्र म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. आज दोन्हीकडे जाऊन आले. दोन्ही करडे. यातला भारी कोणता यावर आमच्या घरात दोन पिढ्या वाद चालू आहे आणि पावसाने तो एका दुपारी बरोबरीत सोडवून टाकला.

स्टोरीला टाकला तेव्हा प्रतिक्रिया यायला लागल्या. पुण्याची मैत्रीण म्हणाली, अगं काय हे, किती डिप्रेसिंग, तू बरी आहेस ना? बरी आहे गं. भरून आभाळ आलंय, मी नाही. मामेभाऊ म्हणाला कॉन्ट्रास्ट वाढव. वाढवला, करड्याचा जास्त करडा झाला, आता खूश? आईने फोटो बघितला की नाही माहीत नाही, तिचा मेसेज फक्त "छत्री नेली होतीस का".

नेली होती. परतही आणलीय. फक्त तिच्याकडे बघून ती छत्री आहे असं आता सांगावं लागतं.

आणि हे कसल्या पावसात झालं तर, हवामान खात्याच्या हिशोबाने 24 तासांत 64.5 मिलिमीटर झाला की तो जोरदार, 115.6 च्या पुढे अति जोरदार, आणि 204.4 च्या वर गेला की अति अति. आता यात गंमत अशी की 64.4 पडला तर तो मध्यम. मध्यम! म्हणजे एका दशांशासाठी माझी छत्री मध्यम पावसात गेली असंही होऊ शकतं, आणि हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचं. दुपारी ऑरेंज अलर्ट आला तेव्हा जरा बरं वाटलं. एक तर छत्रीची इज्जत वाचली, आणि दुसरं म्हणजे दिवसभरात कुठेतरी ऑरेंज दिसलं.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे समुद्राने सांगितलंय की कृपया आज येऊ नका. तसंही यायचं कोणी नव्हतंच, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर निळं प्लास्टिक बांधून ठेवलेलं आहे (फोटोत ते निळंही दिसत नाहीये, नोंद घ्यावी). जाळी विणत बसलेले एक आजोबा होते, त्यांना विचारलं उघडेल का हो? ते म्हणाले, "उघडेल की. नारळी पुनवेला." आणि परत जाळ्यात डोकं घातलं. एवढा आत्मविश्वासाने दिलेला अंदाज मी कुठल्याही ॲपवर वाचलेला नाही.

त्यांच्या शेजारी उभं राहून कोल्हापूरकडचं एक कुटुंब भिजत होतं, त्यातल्या दादांनी मला विचारलं की सनसेट किती वाजता असतो इथे. मी म्हटलं सव्वासातच्या आसपास. तर म्हणाले आज होईल का? होणार ना. रोज होतो. आपल्याला दिसणार नाही एवढंच. त्यांनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी समुद्राकडे बघितलं, समुद्राने जेटीवर एक लाट फेकली आणि मग ते सगळे भजी खायला गेले. योग्य निर्णय.

खरं सांगू का, मला सनसेटचे फोटो टाकणाऱ्यांबद्दल राग नाही पण दया येते. किती काम असतं त्यांना. सूर्य पाण्याला टेकायच्या आत पोचायचं, बाकीच्या चाळीस मोबाईलमधून जागा काढायची, मग तळहातावर सूर्य धरल्याची पोज, मग केस, मग परत सूर्य, तोवर तो गेलेला. शिवाय एवढा सुंदर देखावा समोर असला की चेहरा प्रसन्न ठेवावा लागतो. मळभात तसलं काही नाही. साडेबाराचा उजेड आणि साडेपाचचा उजेड सारखाच, उशिरा पोचायची सोय. सावल्या नाहीत, ऊन डोळ्यावर येत नाही, अख्खं आभाळ म्हणजे फुकटातली स्टुडिओ लाईट, आणि तुमचा चेहरा जसा असेल तसा बॅकग्राऊंडला मॅच होतो. मी आज अजिबात हसले नाही आणि कोणी "स्माईल" म्हटलं नाही. वर्षातून एखादाच दिवस असा मिळतो. बरं, आमच्याकडे चार महिने मिळतो.

कॅमेऱ्यालाही बरं वाटलं असणार. त्याच्या मीटरची समजूतच अशी असते की जग सरासरी मध्यम करडं आहे, 18 टक्के का काहीतरी, आणि मग बर्फ दाखवा की काळी म्हैस दाखवा, ते प्रत्येक गोष्टीला ओढूनताणून करडं करायला बघतं आणि आपण त्याला सारखं सुधारत बसतो. आज पहिल्यांदा त्याचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. एकही सेटिंग बदलावं लागलं नाही. इतकी वर्षं तेच सांगत होतं बिचारं.

आणि हे सगळं उदास वगैरे वाटत असेल तर थोडा इतिहास. 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या थिबा राजाला उचलून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916 ला तो इथेच गेला. पावसाळे मोजा, तीस तरी भरतात. शिक्षा म्हणून बरं का. मंडाल्याच्या राजवाड्यातला माणूस, सरकारी खर्चाने, सी व्ह्यू, तीस पावसाळे. आणि आज लोक मुंबईहून आठ-आठ तास गाडी हाणत येतात, रात्रीचे पैसे मोजतात, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे का विचारतात, आणि थिबा पॉइंटवर उभे राहून तेच आभाळ बघून "वॉव" म्हणतात. इंग्रजांना धंदा कळत नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे, होमस्टे म्हणून लावलं असतं तर उलट राजाकडूनच पैसे सुटले असते.

राजाचं तरी जबरदस्तीचं होतं, काही पाहुणे आपणहून येऊन राहतात. 3 जून 2020, निसर्ग वादळ, बसरा स्टार नावाचं जहाज भरकटत आलं आणि मिऱ्याला किनाऱ्याला लागलं. खलाशांना सुखरूप उतरवलं. जहाज राहिलं. आज निघेल उद्या निघेल करत वर्षामागून वर्षं राहिलं, तिथेच गंजलं, लोकांनी त्याच्यापुढे सेल्फी काढले, दर पावसाळ्यात लाटांनी त्याला ढकलून बघितलं पण ते काही हललं नाही. त्यामुळे आमच्याकडे आलेला पाहुणा पावसाला कंटाळून लगेच परत जातो असं जे म्हणतात ना, त्यांनी मिऱ्याची चौकशी करावी.

घरची परिस्थिती: लाईट तीन वेळा जाऊन आली आहे, चौथ्यांदा गेली तर हा कॅप्शन अर्धवट पोस्ट होईल. कपडे हॉलमध्ये दोरीवर आहेत आणि सोमवारी जेवढे ओले होते तेवढेच आहेत, फक्त आता त्यांना वास आहे. पंख्याखाली मोज्यांची रांग, मीठ पाणी धरून बसलंय, दार फुगल्यामुळे बाथरूमला जाताना खांदा लावावा लागतो आणि बाहेर येताना प्रार्थना. रात्री कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा. शेजारच्या घरात वास जाईल, जाऊदे, त्यांच्याकडूनही तोच येतोय. हे सगळं मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये. ऊन पडलं असतं तर मला गच्ची झाडावी लागली असती, गाद्या वाळत घालाव्या लागल्या असत्या आणि "एवढं छान ऊन पडलंय आणि तू लोळतेस काय" हे ऐकावं लागलं असतं. मळभात लोळणाऱ्याला कोणी काही बोलत नाही. उलट चहा आणून देतात.

तर ज्यांना निळं पाणी, सोनेरी वाळू आणि नारळाच्या झावळीतून येणारा सूर्य पाहिजे, त्यांच्यासाठी माझ्याकडे मार्चमधले भरपूर फोटो आहेत. ते मी टाकणार नाहीये. मार्चमध्ये 35 डिग्रीत घामाघूम होऊन काढलेत ते, त्यात जो आनंद दिसतोय तो सगळा डोळे बारीक केल्यामुळे आहे.

पंचांगाप्रमाणे सध्या पुनर्वसू चालू आहे, म्हणजे तरणा पाऊस. तरणा म्हणे. सकाळपासून एका जागी बसलाय, कामधंदा नाही, अधूनमधून उठून कोणाची तरी छत्री मोडतो आणि परत बसतो, घराघरात असतात तसलाच. पुढच्या आठवड्यात पुष्य लागेल की म्हातारा पाऊस, तो काही याच्यापेक्षा वेगळं करेल असं वाटत नाही, फोटोही डिट्टो असाच येणार आहे, तेव्हा लाईक आत्ताच देऊन ठेवा म्हणजे मला परत भिजत जायला नको.

#मांडवी #रत्नागिरी #नोफिल्टर #नोसूर्य #नोछत्री