विषय : सावईवेरे येथील घराच्या छपरासाठी ठरलेली कौले मिळत नसल्याने पर्यायी कौले वापरण्यास लेखी मान्यता मिळणेबाबत

फोंडा, गोवा
6 एप्रिल 2026

प्रति,
सौ. वृंदाताई सरदेसाई, पुणे
प्रत : श्री. वसंतदादा, बेळगाव

वृंदाताई, सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी फोनवर थोडक्यात सांगितले होते, ते आता आकड्यांसह लिहून कळवतो. आपल्या करारातील कलम 9 प्रमाणे मालात बदल करायचा तर दोन्ही मालकांची लेखी संमती लागते, आणि ती मिळाल्याशिवाय मी ऑर्डर देणार नाही.

आपल्या छपरावर मंगळूरच्या ज्या कारखान्याची कौले होती, त्याच छापाची 1,300 नवी कौले आणून फुटक्यांच्या जागी बसवायची, असे अंदाजपत्रकात ठरले होते. त्या कारखान्याने उत्पादन बंद केले आहे. आमच्या माणसाने तिथे जाऊन खात्री केली. गोदामात उरलेला माल दुसऱ्या छापाचा आहे. मंगळूरला 1865 साली बासेल मिशनने पहिला कारखाना काढला आणि त्यानंतर नेत्रावतीच्या काठाने पुष्कळ कारखाने उभे राहिले. त्यांतले बहुतेक आता बंद आहेत, त्यामुळे हा छाप पुढेमागे पुन्हा मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

छप्पर उतरवताना सुताराने एकेक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. खणखणीत वाजले ते चांगले, बद्द वाजले ते बाजूला. अशी 1,480 कौले निवडून मागच्या पडवीत रचून ठेवली आहेत. पूर्ण छपराला सुमारे 2,700 लागतात, म्हणजे तूट 1,220 ची आहे.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. दोन कारखान्यांची कौले लांबून सारखी दिसली तरी त्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत. एका उतारावर जुनी-नवी मिसळली, तर सांध्यात कुठेतरी फट राहतेच आणि वाऱ्याबरोबर आलेले पाणी त्या फटीतून आत शिरते. आपल्या घराचा मागचा उतार पश्चिमेला आहे, पावसाचा सगळा मारा तिकडूनच. म्हणून फुटलेल्या जागी नवी कौले घुसवण्याचा मार्ग मी सुचवत नाही, कितीही स्वस्त पडला तरी.

माझा प्रस्ताव असा : चांगली निघालेली सगळी जुनी कौले पुढच्या, पूर्वेकडच्या उतारावर घ्यायची. तिथे 1,200 लागतील. उरलेली 280 माळ्यावर जपून ठेवायची, म्हणजे पुढे नारळ पडून वा माकडांनी फोडली तर त्याच छापाची हाताशी राहतील. मागचा उतार पूर्णपणे नव्या कौलांनी शाकारायचा. यामुळे रस्त्यावरून दिसणारे घर तुमच्या आजोबांच्या काळचेच राहील, आणि वसरीत बसून वर पाहिले की कौलांच्या पोटावरचा तो जुना छापही दिसत राहील. वसंतदादांचा आग्रह मुख्यतः त्यासाठी होता, हे मला ठाऊक आहे. गणपतीवर माटोळी बांधायची लाकडी चौकट आहे तिथेच आणि तशीच राहील.

नवी कौले केरळातल्या त्रिशूर भागातल्या एका कारखान्याची आहेत. दोन कारखान्यांचे नमुने मागवले होते. जुनी आणि दोन्ही नवी, प्रत्येकी पाच कौले उन्हात सुकवून वजन केले, 24 तास पाण्यात बुडवून ठेवली आणि पुसून पुन्हा वजन केले. जुने कौल सरासरी 2.4 किलोचे, भिजून 2.76 झाले, म्हणजे 15 टक्के पाणी प्यायले. त्रिशूरचे 2.6 वरून 2.93 वर गेले, साधारण पावणेतेरा टक्के. दुसऱ्या कारखान्याचे कौल पाच रुपयांनी स्वस्त होते, पण 2.3 चे 2.78 झाले. एकवीस टक्क्यांच्या आसपास पाणी पिणारे कौल पश्चिमेच्या उताराला चालणार नाही, म्हणून ते तिथेच सोडले. पाणी कमी पिणारे कौल पावसात कमी जड होते आणि त्यावर शेवाळही उशिरा धरते.

नव्या कौलांत दोन उणिवा आहेत, त्याही कळवतो. रंग एकसारखा लालभडक आहे. काही पावसाळे गेले की तो मावळेल, पण जुन्या कौलांवरची काळसर छटा लगेच येणार नाही आणि राजांगणातून पाहिल्यास दोन उतारांतला फरक डोळ्यांत भरेल. दुसरे म्हणजे, कौल पाव इंच लांब बसते, त्यामुळे मागच्या उताराच्या सगळ्या रिपा काढून नव्या अंतराने ठोकाव्या लागतील. कोरड्या वजनात त्या उतारावर एकूण सुमारे 300 किलो भर पडेल. तिकडचे सहा कमकुवत वासे आपण आधीच बदलले असल्यामुळे त्याची काळजी नाही.

खर्चाचे सांगायचे तर, अंदाजपत्रकात 1,300 कौलांचे 34 रुपयांप्रमाणे 44,200 आणि वाहतुकीचे 9,000, असे 53,200 रुपये धरले होते. आता मागच्या उताराला 1,500 कौले आणि फूटतूट धरून 1,600 घ्यावी लागतील. 41 रुपयांप्रमाणे त्यांचे 65,600, वाहतूक 14,000, रिपांची मजुरी व थोडे नवे लाकूड 11,000, एकूण 90,600 रुपये. जादा खर्च 37,400 रुपये. दर जीएसटी धरून आहेत आणि कारखान्याने ते 15 एप्रिलपर्यंत कायम ठेवायचे कबूल केले आहे. करारातला 12 टक्के देखरेख खर्च या वाढीव रकमेवर मी लावणार नाही. माल न मिळाल्यामुळे वाढलेल्या खर्चावर मी कमाई करावी, हे मला पटत नाही.

मडगावला जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे आपल्याच छापाची सुमारे 600 कौले आहेत, 28 रुपयांना. वाजवून पाहिली तर चारातले एक बद्द निघते, आणि ती सगळी घेतली तरी तूट भरत नाही. कौलाच्या आकाराचे पत्रे याहून स्वस्त पडतील. पण दुपारी माजघरात बसवणार नाही आणि पावसात एकमेकांचे बोलणे ऐकू येणार नाही. तुमच्या घरावर पत्रे घालायचा सल्ला मी देऊ शकत नाही.

मान्यता मिळताच कारखान्याला अर्धी रक्कम, 32,800 रुपये, आगाऊ भरावी लागेल. त्यानंतर माल यायला साधारण तीन आठवडे लागतात. वळवाचे पाऊस सुरू होण्याआधी छप्पर बंद करायचे असेल, तर 13 एप्रिलपर्यंत उत्तर हवे. त्यानंतर कळवल्यास मागच्या बाजूला ताडपत्री घालून पावसाळा काढावा लागेल, आणि चवथीला घर तयार असेल असा शब्द मी देऊ शकणार नाही. दोन्ही उतारांची गळती दोन पावसाळे विनामूल्य दुरुस्त करण्याची करारातली हमी या बदलानंतरही तशीच राहील.

एक जुने आणि एक नवे कौल कुरियरने पुण्याला पाठवले आहे. भिजवून, वाजवून, शेजारी ठेवून पाहा आणि मगच ठरवा. मान्य असल्यास तुम्ही आणि वसंतदादांनी वेगवेगळ्या ईमेलने खालील मजकूर पाठवावा :

"सावईवेरे येथील घराच्या मागच्या उतारावर त्रिशूरची 1,600 नवी कौले बसवण्यास आणि जुनी निवडलेली कौले पुढच्या उतारावर घेण्यास माझी मान्यता आहे. 6 एप्रिल 2026 च्या पत्रातील रंग व मापाचा फरक आणि 37,400 रुपयांचा जादा खर्च मला मान्य आहे."

रंगाबद्दल मनात किंतु असेल, तर संमती देण्याआधी फोन करा. राजांगणाच्या बाजूने दहा-बारा नवी कौले रिपांवर मांडून त्याचे फोटो त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
दामोदर नाईक
बांधकाम कंत्राटदार, फोंडा