विषय: इन्स्पेक्शन विभागात सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज (यंत्र अभियांत्रिकी पदविका, द्वितीय वर्ष)

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग

महोदय / महोदया,

मी यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या द्वितीय वर्षात शिकत असून, 1 जून ते 11 जुलै या कालावधीत आपल्या कंपनीच्या इन्स्पेक्शन विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करण्याची संधी मिळावी, यासाठी हा अर्ज करीत आहे. आपल्या कंपनीत माझ्या ओळखीचे कोणीही नाही. हा पत्ता मला कंपनीच्या संकेतस्थळावरील संपर्काच्या पानावर मिळाला. अर्ज योग्य विभागाकडे पोहोचला नसेल, तर तो कृपया संबंधितांकडे पाठवावा, ही विनंती.

आपल्या संकेतस्थळावर हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या स्पूलचे ग्राइंडिंग, बॉडीच्या बोअरचे होनिंग आणि त्यानंतर दोन्हींची जोडी जुळवणे ही सर्व कामे कारखान्यातच होतात, असे नमूद केले आहे. मी अर्ज करण्याचे कारण हेच आहे. स्पूल आणि बोअर यांच्यातील फट काही मायक्रॉनचीच असते. ती थोडी वाढली तर तेल आतल्या आत गळते आणि दाब टिकत नाही, थोडी कमी झाली तर स्पूल अडकतो. शिवाय स्पूलच्या लँडची कड मुद्दाम धारदार ठेवावी लागते, पण त्याच कडेवर बर राहिलेला चालत नाही. म्हणजे बर काढायचा, पण कड गोल होऊ द्यायची नाही. हे प्रत्यक्ष उत्पादनात, एकामागून एक नगांवर, कसे साधले जाते आणि कसे तपासले जाते, हे पुस्तकातून कळण्यासारखे नाही, ते मला जवळून पाहायचे आणि शिकायचे आहे.

मोजमाप या विषयाची मला विशेष आवड आहे. चौथ्या सत्रातील लघुप्रकल्पात आम्ही तिघींनी मायक्रोमीटरच्या वाचनांतील फरकाचा अभ्यास केला. ग्राइंडिंग केलेले तेच ते दंडगोल नग तिघींनी स्वतंत्रपणे आणि आधीची वाचने न पाहता पुन्हा पुन्हा मोजले. त्यावरून एकूण फरकातील किती भाग उपकरणाचा आणि किती मोजणाऱ्या व्यक्तीचा, हे वेगळे काढले. आमच्या बाबतीत व्यक्तीचा भाग मोठा निघाला, आणि त्याचे मुख्य कारण थिंबल कमी-अधिक जोराने फिरवणे हे होते. प्रत्येक वाचन रॅचेट वापरूनच घ्यायचे आणि सुरुवातीला शून्य तपासायचे, असे ठरवून तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा तिघींची वाचने स्पष्टपणे जवळ आली. नग नापास ठरवण्यापूर्वी मोजणीवर किती विसंबायचे हे माहीत असले पाहिजे, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

त्याच प्रकल्पात आम्ही तापमानाचाही विचार केला. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन प्रसरण पावते, त्यामुळे 25 मिमी व्यासाचा नग 10 अंशांनी अधिक गरम असेल तर त्याचा व्यास जवळपास 3 मायक्रॉनने जास्त दिसतो. सर्वसाधारण कामात ही वाढ दुर्लक्षिता येते, 0.01 मिमी लघुतम माप असलेल्या मायक्रोमीटरवर ती नीट वाचताही येत नाही, म्हणून आम्ही ती 0.001 मिमीच्या कॉम्परेटरवर, स्लिप गेज लावून पाहिली. परंतु स्पूल मशीनवरून उतरताच गरम असताना मोजला आणि बॉडी थंड असताना मोजली, तर कागदावर बरोबर जुळलेली जोडी प्रत्यक्षात सैल निघू शकते. मोजमापासाठी 20 अंश हे प्रमाण तापमान का ठरवले आहे, हे मला या प्रयोगातून पटले. आपल्याकडे जोडी जुळवण्यापूर्वी नग किती वेळ स्थिरावू दिले जातात आणि उत्पादनाचा वेग राखून ही शिस्त कशी पाळली जाते, हे जाणून घेण्याची मला मनापासून इच्छा आहे.

मला सध्या काय येते आणि काय येत नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक असलेले बरे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल इंडिकेटर आणि साइन बार मी स्वतंत्रपणे वापरू शकते. ड्रॉइंगवरील टॉलरन्स, फिट आणि भौमितिक टॉलरन्सची चिन्हे मला वाचता येतात. उदाहरणार्थ 25 H7 लिहिलेल्या बोअरची मर्यादा 25.000 ते 25.021 मिमी असते, हे तक्त्यावरून काढून त्यानुसार प्लग गेजची गो आणि नो-गो बाजू कशी ठरते हे मला समजते. तपासणीच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरून सरासरी, पल्ला आणि नियंत्रण आलेख तयार करण्याचा मला सराव आहे. सीएनसी लेथवर साधे टर्निंगचे प्रोग्राम मी लिहिले आहेत, मात्र ते प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. सीएमएम यंत्र मी केवळ प्रात्यक्षिकात पाहिले आहे, ते चालवलेले नाही. पृष्ठभागाचा खरखरीतपणा मोजणारे उपकरणही हाताळलेले नाही.

त्यामुळे सुरुवातीला आपण द्याल ते काम मी करीन, मग ते येणारा माल मोजून नोंदवणे असो, गेजच्या कॅलिब्रेशनच्या तारखांची नोंदवही अद्ययावत करणे असो किंवा नापास नगांची कारणांनुसार विभागणी करणे असो. विभागाला एखाद्या लहान प्रश्नाचा अभ्यास करून हवा असेल, जसे की एकाच गेजवर दोन पाळ्यांची वाचने जुळतात की नाही, तर तो मी सहा आठवड्यांत पूर्ण करून लेखी अहवाल देऊ शकेन. मला वाटते, माझा सर्वांत जास्त उपयोग अशाच कामात होईल.

हे प्रशिक्षण आमच्या अभ्यासक्रमाचा भाग असून संस्थेचे शिफारसपत्र सोबत जोडले आहे. विद्यावेतनाबाबत कंपनीचा जो नियम असेल तो मला मान्य आहे. सेफ्टी शूज आणि गॉगल माझ्याकडे आहेत, आणि या काळातील अपघात विमा संस्थेतर्फे काढला जातो. राहण्याची सोय मी स्वतः करीन. ड्रॉइंग, प्रक्रिया आणि ग्राहकांविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याबाबतच्या करारावर सही करण्यास माझी तयारी आहे, आणि संस्थेला द्यायचा प्रशिक्षण अहवाल मी आधी आपल्याला दाखवूनच सादर करीन.

जूनमध्ये जागा नसल्यास डिसेंबरच्या सुट्टीत दोन आठवड्यांसाठीही मी येऊ शकेन. मात्र अभ्यासक्रमाची अट सलग सहा आठवड्यांची असल्याने माझी पहिली पसंती जूनलाच आहे. इन्स्पेक्शन विभागाऐवजी ग्राइंडिंग किंवा होनिंग विभागात घेणे आपल्याला सोयीचे असेल, तरीही मी आनंदाने येईन, कारण माप जिथे घडते ती जागा पाहिल्याशिवाय तपासणीही पूर्ण कळणार नाही.

निवडीपूर्वी दूरध्वनीवर किंवा प्रत्यक्ष मुलाखत घ्यायची असेल, तर आपण सांगाल त्या वेळी मी उपलब्ध राहीन. लेखी किंवा प्रात्यक्षिक चाचणीलाही माझी तयारी आहे. माझा दूरध्वनी क्रमांक आणि आमच्या विभागप्रमुखांचा संपर्क परिचयपत्रात दिला आहे. संस्थेला कंपनीचे नाव 15 मेपर्यंत कळवायचे आहे, म्हणून त्यापूर्वी आपला होकार किंवा नकार कळल्यास मी आभारी राहीन.

आपली नम्र,
स्नेहल शिंदे
यंत्र अभियांत्रिकी पदविका, द्वितीय वर्ष

सोबत: परिचयपत्र, तिसऱ्या सत्राची गुणपत्रिका, संस्थेचे शिफारसपत्र, लघुप्रकल्पाचा दोन पानी सारांश